1967च्या पुस्तकात अ‍ॅक्सिअल कोडिंग नाही

मित्रहो, आज एकाच वाक्यावर बोलणार आहे. आशा सेविकांच्या कामावर पीएचडी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या संशोधन पद्धतीच्या प्रकरणात ते होतं. "ग्लेझर आणि स्ट्रॉस (1967) यांच्या ग्राउंडेड थिअरीनुसार ओपन, अ‍ॅक्सिअल व सिलेक्टिव्ह कोडिंग केले, बाराव्या मुलाखतीनंतर सॅच्युरेशन झाले."

हे वाक्य तुम्ही अनेक प्रबंधांत वाचलं असेल, कारण ते एका प्रबंधातून दुसऱ्यात उतरत जातं. ग्राउंडेड थिअरी म्हणजे मुलाखतींसारख्या माहितीतूनच सिद्धांत घडवण्याची पद्धत, आणि कोडिंग म्हणजे त्या माहितीच्या तुकड्यांना नावं देऊन त्यांचे वर्ग पाडणं. मी तिला विचारलं, यातलं 1967चं पुस्तक तुझ्या हातात आलंय का? ती म्हणाली, नाही सर, पद्धतीच्या पाठ्यपुस्तकात एक पान होतं, त्यावरून लिहिलं. खरं सांगितलं म्हणून पुढचं काम सोपं झालं. आम्ही ग्रंथालयातून पुस्तक काढलं आणि टेबलावर शेजारी तिचं वाक्य ठेवलं.

आधी अ‍ॅक्सिअल कोडिंग शोधलं. वर्गांमधले संबंध जोडण्याची ही पायरी त्या पुस्तकात नाहीच. तिथे आहे ती सततची तुलना: एक प्रसंग त्याच वर्गात टाकलेल्या आधीच्या प्रसंगांशी ताडून बघायचा, आणि मनात जे येईल ते लगेच टिपणात लिहायचं. ओपन, अ‍ॅक्सिअल, सिलेक्टिव्ह ही तिहेरी मांडणी स्ट्रॉस यांच्या 1987च्या पुस्तकातली. ती घरोघरी पोचली 1990मध्ये, स्ट्रॉस आणि ज्युलिएट कॉर्बिन यांच्या पुस्तकामुळे. आणि ग्लेझर यांना ती मान्य नव्हती! 1992मध्ये त्यांनी तिच्याविरुद्ध स्वतंत्र पुस्तक लिहिलं. ठरलेल्या चौकटीत माहिती बसवली तर सिद्धांत माहितीतून वर येत नाही, तो तिच्यावर लादला जातो, हा त्यांचा आक्षेप. म्हणजे तिच्या वाक्यात ज्या पद्धतीचं श्रेय ग्लेझर यांना दिलं होतं, तिच्याशी ते जाहीरपणे भांडले होते.

आता सॅच्युरेशन, कारण खरी गडबड तिथे आहे. हे पुस्तक रुग्णालयांतल्या मरणासन्न रुग्णांच्या अभ्यासातून निघालं. पुढचा वॉर्ड कोणता बघायचा हे कसं ठरलं, ते त्यात सांगितलं आहे. आधी रुग्णाला स्वतःच्या मरणाची जाणीव कमीत कमी असेल अशा जागा: अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग, मग मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग, जिथे रुग्ण अनेकदा बेशुद्ध असतात. मग अतिदक्षता विभाग, जिथे मरण अपेक्षित असतं आणि झटकन येतं. मग कर्करोगाचा वॉर्ड, जिथे ते सावकाश येतं. मग अपघात विभाग, जिथे ते अचानक येतं. प्रत्येक पाऊल आधीच्या विश्लेषणातून निघालेलं. यालाच सैद्धांतिक नमुना निवड म्हणतात. त्यांच्या लेखी एखादा वर्ग सॅच्युरेट होतो तेव्हा, जेव्हा मुद्दाम वेगळे गट शोधूनही त्या वर्गाचा नवा गुणधर्म सापडत नाही. सॅच्युरेशन वर्गाचं असतं, मुलाखतींच्या संख्येचं नसतं.

मग बारा कुठून आले? बहुधा गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांच्या 2006च्या लेखातून. घाना आणि नायजेरियातल्या महिलांच्या साठ मुलाखतींत नवे मुद्दे येणं पहिल्या बारांतच जवळपास थांबलं, असं त्यांना दिसलं. गट बराचसा एकसारखा, प्रश्न सगळ्यांना तेच. चांगला लेख आहे, पण त्याचा प्रश्न निराळा आहे.

हे ओळखायचं कसं? तारखा बघा. मुलाखतींच्या तारखा एका रकान्यात, पहिल्या कोडिंग टिपणाची तारीख दुसऱ्यात. हिच्या बाराही मुलाखती तीन आठवड्यांत उरकल्या होत्या, आणि पहिलं टिपण त्यानंतर दोन महिन्यांनी. म्हणजे विश्लेषणाने पुढची मुलाखत ठरवलेली नव्हती. 'घरच्यांची परवानगी' हा तिचा सगळ्यात भक्कम वर्ग, आणि बाराही जणी सासरच्या एकत्र कुटुंबात राहणाऱ्या! विधवा किंवा वेगळं राहणाऱ्या आशाताई भेटल्याच नाहीत, तर परवानगीचा वर्ग भरला म्हणायचं कशाच्या जोरावर?

थीमॅटिक अ‍ॅनालिसिसचंही, म्हणजे माहितीतून थीम्स किंवा मुख्य सूत्रं मांडण्याच्या पद्धतीचंही, असंच होतं. ब्रॉन आणि क्लार्क (2006) असा संदर्भ द्यायचा, आणि खाली 'थीम्स उदयास आल्या' असं लिहायचं. थीम्स आपोआप वर येत नाहीत, संशोधक त्या घडवतो, हे त्याच लेखात स्पष्ट म्हटलंय. त्यांनी 2019मध्ये आपल्या पद्धतीला 'रिफ्लेक्झिव्ह', म्हणजे संशोधकाची स्वतःची भूमिका तपासणारी, हे नाव दिलं. तुम्ही तसं काम केलं असेल तर नुसता 2006 पुरत नाही.

म्हणून माझा आग्रह सर्वांत जुनं पुस्तक उद्धृत करा असा नाही. जी कृती तुम्ही केली, ती जिथे पहिल्यांदा मांडली गेली ते वाचा आणि तेच उद्धृत करा. मूळ मिळालंच नाही, तर ज्या पुस्तकातून घेतलं त्याचं नाव लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

त्या विद्यार्थिनीने आणखी पाच जणींना गाठलं. तीन विधवा, दोन माहेरी राहणाऱ्या. प्रत्येक मुलाखतीनंतर त्याच रात्री टिपण, मग पुढचीची निवड. 'परवानगी'ला नवा पैलू मिळाला: विधवा ताईंना घरातून कुणी अडवत नव्हतं, पण रात्री बाळंतिणीबरोबर दवाखान्यात गेलं की गावात बोललं जायचं. प्रकरणातलं वाक्य आता असं आहे: "कोडिंगसाठी स्ट्रॉस व कॉर्बिन (1990) यांच्या पायऱ्या वापरल्या. पहिल्या बारा मुलाखती विश्लेषणाआधीच पूर्ण झाल्या होत्या. नंतरच्या पाच मुलाखतींची निवड ग्लेझर व स्ट्रॉस (1967) यांच्या सैद्धांतिक नमुना निवडीनुसार केली. सर्व वर्ग सॅच्युरेट झाल्याचा दावा नाही."