डिस्चार्जचा कागद आजोबांच्या मराठीत

दवाखान्यातून घरी सोडताना हातात पडणारा कागद एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरसाठी लिहिलेला असतो. त्यातली प्रत्येक ओळ मराठीत आणली तरी तो आजोबांचा होत नाही. आजोबांना सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय करायचं, ते हवं असतं. म्हणून तुम्ही नातवंडं भाषांतराला बसाल तेव्हा ओळीच्या क्रमाने न जाता दिवसाच्या क्रमाने जा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. हृदयविकाराच्या वॉर्डात घरी जाणाऱ्यांना औषधं समजावण्याचं काम मी करते, त्यामुळे उदाहरणही तिथलंच घेते.

आजोबांचं हृदय अशक्त झालंय, अंगात पाणी साठत होतं, आता बरं वाटतंय. कागदावर औषधांची यादी आहे: फ्युरोसेमाइड ४० ओडी, स्पायरोनोलॅक्टोन २५ ओडी, मेटोप्रोलॉल २५ बीडी, आयसोसॉर्बाइड ५ एसएल एसओएस. खाली लिहिलंय, पाणी दीड लिटर, मीठ कमी, रोज वजन, सात दिवसांनी रक्त तपासून दाखवायला या. आणि शेवटची ओळ, बाकीची औषधं पूर्वीप्रमाणे.

ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा. पण फ्युरोसेमाइडपुढे नुसतं ‘दिवसातून एकदा’ लिहिलंत तर आजोबा ती रात्री जेवणानंतर घेऊ शकतात, कारण इतर गोळ्या तेव्हाच घ्यायची सवय असते. ही लघवी वाढवून अंगातलं जादा पाणी काढणारी गोळी आहे. रात्री घेतली की झोपमोड होते, अंधारात धडपडत उठावं लागतं, आणि त्यात तोल जाऊन पडण्याची भीती. म्हणून लिहायचं ते असं: ‘सकाळी, नाश्त्यानंतर, एक गोळी. लघवी जास्त होईल, ते बरोबर आहे.’ हे शेवटचं वाक्य गाळू नका. जास्त लघवी होते म्हणून गोळी बंद करणारे पुष्कळ आजोबा मी पाहिले आहेत.

आता एसओएस. म्हणजे गरज पडली तर. एसएल म्हणजे जिभेखाली. ‘गरज पडल्यास जिभेखाली एक गोळी’ हे वाक्य मराठी आहे, तरी आजोबांच्या काही कामाचं नाही. कसली गरज? किती वेळा? घेऊनही बरं वाटलं नाही तर? हे कागदावर नसतं आणि आपण मनाने भरायचं नसतं. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा आणि त्यांचं उत्तर जसंच्या तसं लिहून घ्या. आमच्या आजोबांच्या बाबतीत ते असं आलं: ‘छातीत दुखलं किंवा दाब आला, तर आधी खुर्चीत बसा. एक गोळी जिभेखाली ठेवा, गिळू नका. घड्याळात पाच मिनिटं पाहा. दुखणं कमी झालं नाही तर १०८ ला फोन करा.’ बसायचं कारण म्हणजे या गोळीने रक्तदाब उतरतो आणि उभ्याने चक्कर येऊ शकते. आणखी एक, आजोबांना खरंच हाताशी सापडेल अशा ठिकाणी ती ठेवा. आजीच्या कपाटात कुलूपबंद असेल तर चांगलं वाक्य लिहूनही उपयोग नाही.

दीड लिटर पाण्याची ओळ सगळ्यात फसवी. आजोबा मोजतात ते फक्त पाणी. चहा, ताक, दूध, आमटी हे त्यांच्या हिशोबी पाणी नव्हेच. म्हणून नुसता आकडा न लिहिता रीत लिहा: ‘सकाळी बाटल्यांत मिळून दीड लिटर पाणी भरून ठेवा. चहा घेतला तर तेवढाच कपभर बाटलीतून ओतून टाका. बाटल्या रिकाम्या झाल्या की आजचं पाणी संपलं.’ उन्हाळ्यात किंवा जुलाब-उलट्या झाल्यावर ही मर्यादा बदलू शकते, तेव्हा डॉक्टरांना फोन करायचा, हेही लिहा.

मिठाबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण इथे घरातल्या मायेनेच घोटाळा होतो. ‘मीठ कमी’ वाचून कोणी तरी सैंधव आणतं. सैंधव हेही मीठच आहे, त्यात सोडियम भरपूर असतं. दुसरं कोणी ‘लो सोडियम’ मीठ आणतं. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन शरीरातलं पोटॅशियम वाढवतं. दोन्ही मिळून ते इतकं वाढू शकतं, की हृदयाचे ठोके बिघडतात. भेटायला येणारे शहाळी आणतात, त्यातही पोटॅशियम असतं, शिवाय ते पाण्याच्या मापात मोजायचं. म्हणून कागदावर स्पष्ट लिहा: ‘लोणचं, पापड, फरसाण नको. वरून मीठ नको. सैंधव किंवा दुसरं वेगळं मीठ आणू नये. शहाळं डॉक्टरांना विचारून.’

वजन का करायचं ते लिहिलं तरच आजोबा करतात. साठणारं पाणी सूज दिसण्याआधी काट्यावर दिसतं. ‘रोज सकाळी लघवी करून, नाश्त्याआधी, सारख्याच कपड्यांत वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर त्याच दिवशी फोन करा.’ त्याखाली सूज आणि दमाची खूण: पावलावर बोट दाबलं की खळगा राहतो, आडवं झाल्यावर दम लागतो, झोपायला उशा वाढवाव्या लागतात. डॉक्टरांच्या कागदावर यांची भारदस्त नावं असतात, ती आजोबांना नकोत. बसूनही दम लागत असेल तर फोनवर वाट न पाहता थेट १०८.

‘बाकीची औषधं पूर्वीप्रमाणे’ या ओळीची मला सर्वाधिक धास्ती वाटते. ती भाषांतरित करूच नका. घरातला औषधांचा डबा उचलून डॉक्टरांकडे किंवा औषध समजावणाऱ्या माणसाकडे न्या आणि एकेक पाकीट दाखवून विचारा, ही चालू की बंद? डब्यात बहुतेकदा हीच मेटोप्रोलॉल दुसऱ्या कंपनीच्या नावाने असते, म्हणजे घरी दोन्ही घेतल्या जाणार. गुडघेदुखीची गोळीही असते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांच्या जातीची असेल तर ती अंगात पाणी धरून ठेवते, मूत्रपिंडांवर ताण आणते. बंद म्हणून सांगितलेल्या गोळ्या डब्यात ठेवू नका.

पाकिटांवरची नावं इंग्रजीत असतात, ती आजोबा वाचत नाहीत. म्हणून मोठ्या अक्षरांतल्या तुमच्या कागदावर गोळीपुढे १, २, ३ लिहा आणि मार्करने तोच आकडा पाकिटावर. रंगावर विसंबू नका, पुढच्या महिन्यात कंपनी बदलली की रंगही बदलतो. अर्धी गोळी असेल तर अक्षरांत ‘अर्धी’ लिहा. मेटोप्रोलॉलपुढे लिहा, ‘ही अचानक बंद करू नये.’

लिहून झालं की कागद डॉक्टर किंवा फार्मासिस्टकडून एकदा तपासून घ्या. मग आजोबांना ‘समजलं ना?’ असं विचारू नका, ते होच म्हणतात. विचारा, ‘आजोबा, उद्या सकाळी कोणती गोळी घ्याल? दोन किलो वाढले तर काय कराल?’ जिथे अडखळतील ते वाक्य आजोबांच्या शब्दांत पुन्हा लिहा. आजीलाही शेजारी बसवा, औषध विसरलं की आठवण तीच करते.

सात दिवसांनी तपासणीला हा कागद, वजनाचं कॅलेंडर आणि सगळी पाकिटं घेऊन जा. रक्तात मूत्रपिंडांचं काम आणि पोटॅशियम पाहिलं जातं, आणि त्यावरून गोळ्या बदलू शकतात. बदलल्या तर जुन्या कागदावर खाडाखोड न करता नवा लिहा, वर तारीख घाला आणि जुना फाडून टाका.