दर खर्चावरून की फायद्यावरून?

नमस्कार श्रोतेहो.

भोसरीच्या एमआयडीसीत कॉम्प्रेसरची देखभाल करणारा एक तरुण तंत्रज्ञ मध्यंतरी कोटेशन दाखवायला माझ्याकडे आला. एका कारखान्यातल्या कॉम्प्रेसरच्या दाबलेल्या हवेची गळती शोधून बंद करायचं काम होतं. दोन दिवसांचा स्वतःचा आणि मदतनिसाचा रोज, गळती ऐकणाऱ्या यंत्राचं भाडं, जाणं-येणं, नळ्या आणि फिटिंग असा सगळा खर्च ८,००० रुपये. त्यावर २५ टक्के नफा चढवून त्यानं १०,००० लिहिले होते. आपल्याकडे बहुतेक सेवा देणारे असाच दर काढतात. मी त्याला एकच विचारलं, "गिऱ्हाइकाचे किती वाचणार?" ते त्यानं मोजलंच नव्हतं.

मोजायची रीत सोपी आहे. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रं बंद ठेवायची आणि फक्त कॉम्प्रेसर चालू करायचा. हवा कोणीच वापरत नाही, तरी दाब उतरतो आणि कॉम्प्रेसर पुन्हा लोड घेतो. हातात घड्याळ धरून तो किती वेळ लोडवर, म्हणजे हवा भरत राहतो आणि किती वेळ अनलोड, म्हणजे हवा न भरता नुसता फिरतो, हे टिपून ठेवायचं. इथे दर दहा मिनिटांत तीन मिनिटं लोड निघालं. म्हणजे क्षमतेची ३० टक्के हवा नुसती गळत होती. दुरुस्तीनंतर ती १० टक्क्यांवर येईल, असा त्याचा अंदाज होता.

कॉम्प्रेसर ३० किलोवॉटचा. आता २० टक्के गळती थांबली म्हणजे सहा किलोवॉट वाचले, असं म्हणायचा मोह होतो. तिथेच चूक होते. साधा स्क्रू कॉम्प्रेसर अनलोड असतानाही जवळपास ३० टक्के वीज खातो. म्हणून खरी बचत सहाच्या ७० टक्के, म्हणजे ४.२ किलोवॉटची. दोन पाळ्या, वर्षाचे ४,८०० तास, म्हणजे साधारण २०,००० युनिट. युनिट नऊ रुपयांचं धरलं, तर वर्षाला १,८०,००० रुपये.

मग या एक लाख ऐंशी हजारांतला वाटा मागायचा का? अजून नाही. गिऱ्हाइकापुढे दुसरा कोणता मार्ग आहे, ते आधी पाहायचं. त्यांचा स्वतःचा फिटर सुट्टीच्या दिवशी साबणाचं पाणी लावून हाताशी असलेल्या जागा शोधू शकतो. छताजवळची पाइपलाइन आणि यंत्रांच्या आतले सांधे त्याच्याकडून सुटतात. मालकांशी बोलून आम्ही धरलं की निम्मी गळती तो थांबवेल. म्हणजे आमच्या तंत्रज्ञामुळे होणारा जादा फायदा ९०,००० चाच. त्याचा तिसरा हिस्सा ३०,०००. माझ्या मते हा दर योग्य होता. मालकांचे पैसे दोन महिन्यांच्या बचतीतून वसूल होत होते, आणि तंत्रज्ञाच्या कौशल्याचं मोलही त्याच्या पदरात पडत होतं.

दर ठरवण्याची वेळ मात्र कामाच्या आधीची. काम झाल्यावर "तुमचे एवढे वाचले, आता एवढे द्या" म्हटलं, तर समोरच्याला ती लूट वाटते, आणि वाटणारच. बचत कशावर मोजायची, हेही कागदावर हवं. वीजबिलावर मुळीच मोजू नका. ऑर्डर कमी झाल्या तरी बिल उतरतं आणि नवं यंत्र आलं तर चढतं, मग वाद सुरू होतो. आम्ही लिहिलं की तीच घड्याळाची चाचणी कामाआधी आणि कामानंतर मालकांच्या माणसासमोर व्हायची. १०,००० कामाचे, आणि गळती १० टक्क्यांवर किंवा त्याखाली आली तरच उरलेले २०,०००. खर्च आधीच भरून निघत असल्यामुळे ही जोखीम त्याला पेलणारी होती.

हाच तंत्रज्ञ कॉम्प्रेसरचं तेल आणि फिल्टरही बदलतो. तिथे हा हिशेब लावू नये. ते काम करणारे भोसरीत आणि चाकणला हवे तितके आहेत, बाजाराचा दर सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून खर्च अधिक नफा हेच बरोबर.

आणि गिऱ्हाईक लहान असेल तर? पाच हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर, अनलोड न फिरता दाब भरला की बंदच होणारा, दिवसाला चार तास चालणारा. तेवढीच गळती थांबवली तरी वर्षाला वाचणार जेमतेम ८,००० रुपये, त्यातले निम्मे त्यांचा माणूसच वाचवेल. उरलेल्याच्या तिसऱ्या हिश्श्यात त्याचा एका दिवसाचा रोजही सुटत नाही. अशा वेळी काम घेऊ नये. मी त्याला सांगितलं, साबणाचं पाणी कसं लावायचं ते त्यांच्या माणसाला दाखव आणि ये.

मोठ्या कारखान्याबद्दल एक प्रश्न त्यानं जाता जाता विचारला. सांधे पुन्हा सैल होतात, सहा महिन्यांनी परत बोलावलं तर पुन्हा तीसच हजार घ्यायचे का? नाही. गळती तेव्हा दहावरून पंधरा टक्क्यांवर गेलेली असेल, फायदा तेवढ्या पाचांचाच. जागाही माहितीच्या झालेल्या असतील, काम एका दिवसात उरकेल. त्या फेरीसाठी त्यानं कोटेशनच्या खाली वेगळी ओळ लिहिली: सहामाही तपासणी, खर्च अधिक २५ टक्के.