आधी उठून बसायला सांगा

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेत माझा विषय छापलाय ‘2030 आणि हिवतापमुक्त भारत’. विषय मीच दिला होता, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. त्यावर बोलणारच आहे, पण आधी एक रुग्ण सांगतो. त्याच्याशिवाय पुढचं सगळं सरकारी अहवालासारखं वाटेल, आणि तुम्ही या उकाड्यात अहवाल ऐकायला आलेला नाहीत.

मी नोकरी केली गडचिरोली जिल्ह्यात, ग्रामीण रुग्णालयात. महाराष्ट्रातल्या हिवतापाचा मोठा वाटा वर्षानुवर्षं त्या एका जिल्ह्याने उचललाय. जंगल, टेकड्यांमधले झरे आणि डासांना हवा तसा पाऊस. त्यात तिथे फाल्सिपॅरम जास्त. हिवतापाच्या जंतूंमध्ये माणूस मारणारा मुख्यतः हाच.

दिवस धानाचे होते. धान निसवलं की रानडुकरं येतात आणि शेतकरी रात्री जागलीला जातो. बांधीच्या कडेला लाकडं रोवून माळा बांधायचा, त्यावर चढून बसायचं, शेकोटी, मधूनमधून हाळी. उघड्या अंगाने. हा माळा लक्षात ठेवा, शेवटी वेळ उरला तर लागणार आहे.

तर हा शेतकरी, चाळिशीचा, काटक. जागलीवरून आला आणि दुपारी हुडहुडी भरून ताप. गावात एक ‘डॉक्टर’ होते. अवतरणचिन्हं तुम्हाला ऐकू आली असतील. त्यांनी कमरेत सुई दिली, हातात रंगीत गोळ्या दिल्या. ताप उतरणाऱ्या सुईने ताप उतरला, दरदरून घाम आला, माणूस उठून पुन्हा जागलीला. पुन्हा ताप, पुन्हा सुई. सुईने ताप उतरतो, जंतू तिथेच असतो, आणि घरचे म्हणतात गुण आला. खरं तर या तापाला मधे उसंत असतेच. जंतू तांबड्या पेशीत वाढतो, साधारण 48 तासांनी पेशी फोडून बाहेर पडतो, तेव्हा थंडी वाजते. मधल्या वेळात माणूस विडी ओढत बांधावर बसलेला दिसेल. त्या उसंतीचं श्रेय सुईला मिळतं.

मग तालुक्याच्या गावी रक्त तपासलं. आणि इथे मला माझा जुना राग बाहेर काढू द्या, आयोजकांनी घड्याळाकडे पाहू नये. रिपोर्ट काय? ‘टायफॉइड निघाला.’ या सभागृहात कितीजणांना आयुष्यात कधीतरी टायफॉइड ‘निघालाय’? बघा, निम्मे हात वर. ही जी तपासणी असते ना, विडाल, ती 1896 सालची. ती जंतू शोधतच नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते. ती वाढायला साधारण आठवडा लागतो. म्हणजे तापाच्या दुसऱ्या दिवशी ती करण्यात मुळात अर्थ कमी. शिवाय आपल्याकडे पाणी पिणाऱ्या कुणाच्याही रक्तात ती थोडीफार असतात, जुन्या संसर्गाची, जुन्या लसीची. आणि हिवतापासारख्या दुसऱ्या तापातही हा आकडा खोटाच चढू शकतो. पण छापील कागदावर ‘1:80’ दिसलं की घरच्यांना नाव मिळतं, तपासणाऱ्याला पैसे मिळतात, औषधवाल्याला पाच दिवसांचं गिऱ्हाईक मिळतं. नुकसान फक्त रुग्णाचं. टायफॉइड खरा असतो, वाईट असतो, मी त्याला नाकारत नाही. मी म्हणतो, त्या कागदाने तो ठरवू नका. खरं तर त्या दिवशी याच्या बोटाच्या थेंबावर हिवतापाची पट्टी केली असती तर गोळ्यांवर भागलं असतं. तीन दिवसांच्या गोळ्या, सरकारी, फुकट.

असो. पाचव्या दिवशी डोळे पिवळे. आता टायफॉइड मागे पडला आणि कावीळ आली. काविळीला आमच्याकडे डॉक्टर चालत नाही, मुळीची माळ देणारा लागतो. माळ गळ्यात घातली, तेल-मीठ-हळद बंद, आणि सहाव्या दिवशी दोघा भावांनी त्याला मोटारसायकलवर मधे बसवून, दुपट्ट्याने पुढच्याच्या पाठीला बांधून माझ्याकडे आणलं. तेही माझ्याकडे नाही. बाजाराच्या गावी दुसऱ्या माळवाल्याकडे निघाले होते, वाटेत याची मान पडायला लागली म्हणून थांबले.

सिस्टरने काखेत थर्मामीटर लावला. नव्व्याण्णव. बायको म्हणाली, “ताप तं उतरला जी, कावीळच राहिली.” आणि हाच तो क्षण, जिथे चांगले चांगले डॉक्टर फसतात. ताप नाही म्हणजे हिवताप नाही? तीव्र हिवतापाचा रुग्ण त्या घटकेला थंडगारही असू शकतो.

मी त्याला म्हटलं, “दादा, उठून बस.” त्याने हात टेकले, मान उचलली आणि पुन्हा पडला. हाताला धरून बसवलं तर कलंडला. सहा दिवसांपूर्वी धानाचे भारे उचलणारा माणूस. अशक्तपणा सगळ्याच तापांत येतो, पण आधाराशिवाय बसताच न येणं ही वेगळी गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तीव्र हिवतापाच्या यादीत ती स्वतंत्र खूण आहे. तिला ना यंत्र लागतं, ना वीज. माझं आवडतं मत विचाराल तर हेच: तापाच्या रुग्णाला ताप किती हे नंतर विचारा, आधी उठून बसायला सांगा.

मग नाव विचारलं, सांगितलं. बैलांची नावं विचारली. तो माझ्याकडे बघत राहिला. शेतकरी माणूस पोरांच्या जन्मतारखा चुकेल, बैलांची नावं नाही चुकणार. म्हणजे मेंदूवर झापड यायला लागली होती. श्वास मोजला, मिनिटाला छत्तीस, खोल, आणि छाती मात्र स्वच्छ. असा श्वास फुप्फुसाचा नसतो, रक्तात आम्ल साचल्याचा असतो. लघवीचं विचारलं तर बायको म्हणाली, सकाळपासून थोडीच झाली, कोऱ्या चहावानी.

आणि कावीळ? विषाणूच्या काविळीत साधारणपणे डोळे पिवळे होईपर्यंत ताप गेलेला असतो. इथे आदल्या रात्रीपर्यंत हुडहुडी होती. पिवळे डोळे आणि थंडीताप एकत्र दिसले की आमच्या भागात आधी हिवताप, नाही तर लेप्टो किंवा स्क्रब टायफस. नुसती कावीळ म्हणून माळ घालून बसायचं नाही.

पट्टी लावली. थेंबभर रक्त, दोन-चार थेंब द्रावण. नकारार्थी म्हणायला वीस मिनिटं थांबावं लागतं, हिच्यावर फाल्सिपॅरमची रेघ आधीच उमटली. तेवढ्यात साखर बघितली, 38. चाळीसच्या खाली म्हणजे मेंदूच उपाशी. शिरेतून 25 टक्क्यांचं ग्लुकोज 100 मिलिलिटर दिलं. बऱ्याच वेळा यावर माणूस खडबडून उठतो आणि नातेवाईक डॉक्टरला देव म्हणतात. हा उठला नाही, फक्त डोळे उघडून म्हणाला, “पाणी.” म्हणजे झापड एकट्या साखरेची नव्हती.

एक गोष्ट मधेच सांगतो, कारण प्रश्नोत्तरांत हमखास येते. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू थोडेच दिसले तर आजार थोडाच, असं नसतं. वाढलेले जंतू असलेल्या पेशी मेंदूच्या, मूत्रपिंडाच्या बारीक केशवाहिन्यांना आतून चिकटून बसतात. बोटाच्या थेंबात त्या येतच नाहीत. म्हणून एकदा रक्त नकारार्थी आलं आणि माणूस बिघडत असेल तर बारा-चोवीस तासांत पुन्हा तपासायचं.

औषध आर्टेसुनेट. पूर्वी आम्ही क्विनाईन देत होतो, आणि ते स्वतःच साखर पाडायचं. 2005 साली आशियातल्या चार देशांत, भारतही त्यात होता, दोन्हींची तुलना झाली. क्विनाईनवर शंभरात बावीस दगावले, आर्टेसुनेटवर पंधरा. पंधराही कमी नाहीत, हे ध्यानात घ्या. साठ मिलिग्रॅमची पूड येते, सोबत एक मिलिलिटर सोडियम बायकार्बोनेट. ते घालून पूड पूर्ण विरघळेपर्यंत हलवायचं, मग पाच मिलिलिटर सलाईन घालायचं, आणि तासाभरात वापरून टाकायचं. याचं वजन पन्नास किलोच्या आसपास, किलोला 2.4 मिलिग्रॅम, म्हणजे 120. दोन कुप्या. हळूहळू शिरेतून.

आणि मग जिल्ह्याची गाडी बोलावली. हा क्रम महत्त्वाचा: पहिला डोस आधी, गाडी नंतर. मूत्रपिंडाच्या तपासण्या, डायलिसिस आमच्याकडे नव्हतं, पाठवणं भागच होतं. पण ‘तिकडे मोठे डॉक्टर देतील’ म्हणून पहिला डोस राखून ठेवला, तर रस्त्यातले तीन-चार तास जंतूला फुकट मिळतात. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: पहिला डोस दुपारी 2.10, पुढचा रात्री 2.10, मग उद्या दुपारी, नंतर रोज एक. भावाला बजावलं, वाटेत कुणी सलाईनच्या बाटल्या चढवायला लागलं तर ही चिठ्ठी दाखव. तीव्र हिवतापात पाणी जास्त झालं तर ते फुप्फुसात भरतं.

माणूस वाचला. डायलिसिस लागलं नाही, लघवी तिसऱ्या दिवशी मोकळी झाली, गिळता यायला लागल्यावर गोळ्यांचा पूर्ण कोर्स. कोर्स न करता नुसत्या इंजेक्शनवर सोडलं तर जंतू पुन्हा उसळतो. महिनाभर दर आठवड्याला हिमोग्लोबिन बघायला बोलावलं होतं, कारण आर्टेसुनेटनंतर काहींच्या तांबड्या पेशी दोन-तीन आठवड्यांनी अचानक फुटतात. तो आला नाही, बायको आली. “मळणी चालू हाय, त्याचं रक्त तुम्ही माझंच पाहून घ्या.”

(हशा)

चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरलीत म्हणे, त्यातली तीन तुमच्या हसण्यात गेली. तर 2030.

देशाचं उद्दिष्ट 2027 पर्यंत स्थानिक रुग्ण शून्यावर आणायचं आणि 2030 ला हिवतापमुक्त व्हायचं. आकडे खरंच उतरलेत. पण शेवटचे रुग्ण पहिल्यांसारखे नसतात. आता तो माळा आठवा. औषध लावलेली मच्छरदाणी सरकारने घरी दिली, फवारणी घराच्या भिंतीवर केली, आणि माणूस चावून घेतो शेतात, जंगलात, तेंदू तोडताना, पाहुणचाराला छत्तीसगडात गेल्यावर. घर धरून आखलेला कार्यक्रम माळ्यावर पोचत नाही. माझी मागणी साधी आहे: जागलीच्या हंगामात, जागलीला जाणाऱ्या प्रत्येकाला वेगळी, माळ्यावर टांगता येईल अशी मच्छरदाणी.

दुसरं, आशाताईच्या पिशवीत पट्टी आणि गोळ्या बारा महिने असल्या पाहिजेत. ताप आल्यापासून चोवीस तासांत थेंब घेतला गेला तर माझ्या गोष्टीतले बाकीचे पाच दिवस घडतच नाहीत. पावसात रस्ता तुटतो त्याआधी साठा पोचवायचा, तुटल्यावर नाही.

तिसरं, अंगात जंतू असून ताप नसलेली माणसं. अशा भागात बऱ्याच जणांना थोडी प्रतिकारशक्ती असते, ती आजारी पडत नाहीत, दवाखान्यात येत नाहीत, डासाला मात्र जंतू पुरवतात. त्यांना शोधायला गावच्या गाव तपासावं लागतं, आणि पट्टीला इतके कमी जंतू दिसतही नाहीत. तिथे 2030 अडतं असं माझं मत आहे, आणि यावर मला सविस्तर...

बरं, माईक बंद करतायत. डेंग्यूचं विचारायचं असेल त्यांनी चहाला भेटा. विडालचं विचारायचं असेल त्यांनी रिपोर्ट घरीच ठेवून या.