हाताला तेल, डोळ्याला पाणी

नमस्कार. मला अर्धा तास दिलाय, त्यातली दहा मिनिटं हार-तुऱ्यात गेली, चालायचंच. विषय मिरचीचा आहे आणि इथं बेळगावात मिरचीवर बोलायचं म्हणजे, ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला आणि गुंटूर तिखटाला, हे तुम्हीच मला शिकवाल, तर ते सोडूया.

मागच्या एप्रिलची गोष्ट सांगतो. वर्षाचं तिखट करायचं म्हणून घरात पाच किलो मिरची आली, त्यात दोन किलो गुंटूर. उन्हात वाळवली आणि देठ खुडायला बसलो मी, कारण रिटायर माणूस म्हणजे घरात फुकटचा हात. दोन तास खुडली आणि काही झालं नाही हो! मी आपला बायकोला म्हणतोय, बघ, केमिस्ट्रीच्या मास्तराचा हात आहे. मग चहा घेतला, पेपर वाचला आणि रात्री नऊला बोटं पेटली. नळाखाली धरली की बरं वाटायचं, काढली की दुप्पट आग. मग कुणीतरी सांगितलं गरम पाण्यात बुडवा, तर तेही केलं, आणि तेव्हा जे झालं ते आमच्या शेजारच्या अक्कांनी ऐकलं, त्या कन्नडमध्ये काहीतरी बोलल्या, ते इथं सांगत नाही.

आता हे असं का झालं? मिरचीतलं कॅप्साइसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाहीच. त्यामुळं नुसतं पाणी ते धुवून नेत नाही, हातभर पसरवतं. दुसरं म्हणजे ते कातडी भाजत नाही, गरम वस्तू लागल्यावर जी नस जागी होते तीच नस ते जागी करतं, म्हणून वर फोड नाही आणि आत मात्र तवा. गरम पाणी म्हणजे त्याच नसेला आणखी डिवचणं. आणि ते कातडीत हळूहळू मुरतं, म्हणून खुडताना काही नाही आणि रात्री बोंब. बी तिखट असतं म्हणतात तेही खरं नव्हे, तिखट तयार होतं बिया चिकटतात त्या आतल्या पांढऱ्या शिरेत, बीला ते नुसतं माखलेलं असतं.

तर करायचं काय होतं? कोरड्या हातालाच गोडं तेल, दोन चमचे, मिनिटभर चोळायचं, नखांच्या कडेला नीट, मग जुन्या फडक्यानं पुसून ते फडकं बाजूला टाकायचं. त्यानंतर भांडी घासायचं लिक्विड, पाणी न घेता चोळून, आणि मग गार पाणी. असं दोन-तीनदा. बायकोनं हे शेवटी केलं तेव्हा अर्ध्या तासात आग बरीच उतरली, पण नखाखालची सकाळपर्यंत राहिली, कारण मुरलेलं बाहेर येत नाही. फोड आले किंवा दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं तर डॉक्टर. पुढच्या वेळी ग्लोव्हज घाला, आणि ते काढायच्या आधी ग्लोव्हजसकट हात साबणानं धुवा, नाहीतर काढतानाच बोट माखतं.

अरे, चिठ्ठी आली, पाच मिनिटं म्हणे. डोळे आणि ठसका राहिलाच की! पटकन सांगतो.

डोळ्यात गेलं तर तेल नाही, तूप नाही, दूधही नाही, आमच्या आत्या दुधाची वाटी घेऊन धावल्या होत्या, प्रेमानंच. डोळ्याला पाणीच, स्वच्छ, गार, पंधरा मिनिटं सलग, पापण्या उघडझाप करत. पण आधी हात तेल-साबणानं साफ, नाहीतर तुम्ही धुवायच्या नावानं आणखी तिखट घालताय. लेन्स असेल तर साफ हातानं लगेच काढा, पुन्हा वापरू नका. चोळायचं तर अजिबात नाही. धुवूनही नीट दिसेना किंवा दुखणं थांबेना तर थेट डोळ्याच्या डॉक्टरकडे.

ठसका. फोडणीत तेल धूर सोडेपर्यंत तापलेलं असतं आणि आपण सुकी मिरची टाकतो, ती दोन-तीन सेकंदात काळी होते, आणि मग घरभर खोकला. मोहरी तडतडली की गॅस बारीक करा, मिरची सगळ्यात शेवटी, आणि तिखट पूड गॅस बंद केल्यावर. तरी जळलीच तर गॅस बंद, झाकण टाका, खिडकी उघडा आणि सरळ बाहेर या. कढईत पाणी मात्र ओतू नका, तेल उडून भाजाल. दम्याचं माणूस असेल तर त्याला फोडणीच्या आधीच दुसऱ्या खोलीत पाठवा, आणि बाहेर आल्यावरही धाप थांबत नसेल तर वाट बघू नका. मिक्सरचं भांडंही लगेच उघडू नका, धूळ खाली बसू दे, आणि तोंड लांब ठेवून उघडा.

बास, दुसरी चिठ्ठी आली. आणि ती मागची खिडकी उघडा की कुणीतरी, जेवणाची फोडणी पडलेली दिसत्येय आत.