लग्नाआधीचा नॉमिनी आणि भविष्य निर्वाह निधी

(कामगारांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

नोकरी लागल्याच्या दिवशी आपण ज्या कागदांवर भराभर सह्या करतो, त्यांत भविष्य निर्वाह निधीचा फॉर्म 2 असतो. त्याच्या भाग अ मध्ये आपल्यामागे रक्कम कोणाला द्यायची ते नाव, नाते आणि हिस्सा लिहायचा असतो, आणि त्या तक्त्याखाली बारीक अक्षरांत एक प्रमाणन छापलेले असते. मला कुटुंब नाही, आणि पुढे कुटुंब झाल्यास वरील नामनिर्देशन रद्द समजावे, असा त्याचा आशय असतो. ते वाचून सही करणारा माणूस मला वर्षानुवर्षांच्या कामात क्वचितच भेटला, आणि घरातला वाद मात्र बहुतेक वेळा याच ओळीपाशी सुरू होतो.

एक उदाहरण घेऊ. एका अविवाहित कामगाराने नोकरीच्या सुरुवातीला मोठ्या भावाचे नाव दिले. पुढे त्याचे लग्न झाले, मुले झाली, पण फॉर्म तसाच राहिला. नोकरीत असतानाच तो वारला तेव्हा खात्यात 24 लाख रुपये होते. मागे पत्नी, 19 वर्षांचा मुलगा, 15 वर्षांची मुलगी आणि स्वतःचे निवृत्तिवेतन असलेली आई असा परिवार आहे. भाऊ म्हणतो, कागदावर नाव माझे आहे. परंतु 1952 च्या भविष्य निर्वाह निधी योजनेतील परिच्छेद 61 प्रमाणे, कुटुंब नसताना केलेले नामनिर्देशन कुटुंब होताच आपोआप अवैध ठरते, आणि भाऊ तर योजनेच्या व्याख्येतल्या कुटुंबात मोडतच नाही. त्यामुळे त्याला काही मिळत नाही.

मग रक्कम कोणाला मिळते? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. वैध नामनिर्देशन नसेल तर परिच्छेद 70 लागू होतो आणि रक्कम कुटुंबातील व्यक्तींना समान वाटली जाते. मात्र सज्ञान मुलाला आणि जिचा पती हयात आहे अशा विवाहित मुलीला, कुटुंबात दुसरे कोणी पात्र असेल तर, त्यातून वगळले जाते. आईवडील अवलंबून असतील तरच कुटुंबात धरले जातात. म्हणून आपल्या उदाहरणात पत्नीला 12 लाख आणि मुलीला 12 लाख मिळतात. 19 वर्षांच्या, अजून शिकत असलेल्या मुलाच्या हाती या निधीतले काही येत नाही. त्याच मुलाला निवृत्तिवेतन योजनेतून 25 वर्षे पूर्ण होईपर्यंत वेगळे वेतन मिळू शकते, कारण तिचे नियम निराळे आहेत. बापाने लग्नानंतर नवा फॉर्म भरून मुलाचे नाव घातले असते तर त्याला निधीतही हिस्सा मिळाला असता, कारण सज्ञान मुलाला वगळण्याचा नियम नामनिर्देशन नसतानाच लागतो.

आता वारसाहक्काकडे वळू. मृत व्यक्ती हिंदू असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई हे चौघेही पहिल्या वर्गाचे वारस होतात, आणि त्या हिशेबाने प्रत्येकाच्या वाट्याला 6 लाख येतात. भविष्य निधी कार्यालयाचा हिशेब एक आणि वारसाहक्काचा हिशेब दुसरा, असे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रक्कम कोणाच्या हाती द्यायची एवढेच कार्यालय योजनेप्रमाणे ठरवते. वारसांमधला वाद सोडवणे हे त्याचे काम नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागते.

नामनिर्देशन वैध असले तरी ते मालकी देते का, हा प्रश्न 2009 साली शिप्रा सेनगुप्ता विरुद्ध मृदुल सेनगुप्ता या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. बँकेत नोकरी करणाऱ्या पतीने लग्नापूर्वी आईचे नाव दिले होते आणि नंतर ते बदलले नव्हते. नॉमिनी रक्कम स्वीकारते, पण त्यामुळे ती रकमेची मालक होत नाही, असे म्हणून न्यायालयाने भविष्य निधीसह मागे राहिलेल्या रकमांत पत्नी आणि आई दोघींचा निम्मा-निम्मा हक्क मान्य केला. माझ्या मते हा न्याय योग्य आहे, तरी त्यासाठी एका विधवेला किती वर्षे झगडावे लागले असेल हे मनातून जात नाही. पतीचा मृत्यू 1990 चा होता.

म्हणून लग्नानंतर पहिल्या महिन्यातच नवे नामनिर्देशन करा, मूल झाल्यावर पुन्हा करा. आता ते युएएनच्या संकेतस्थळावर करता येते. तिथे कुटुंबातील व्यक्तींची नावे आणि प्रत्येकाचा हिस्सा भरल्यावर आधारला जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून ई-साइन करावे लागते. अनेक जण नावे जतन करून तिथेच थांबतात, आणि ई-साइन न झालेले नामनिर्देशन प्रलंबितच राहते. आज घरी गेल्यावर खाते उघडा आणि तिथे काय दिसते ते पाहा.