तडा आधी, तुकडा नंतर
(लघुमाहितीपटाचे निवेदन, अन्नतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी)

दृश्य : काचेखाली दिवा, काचेवर तूस काढलेले तांदळाचे दाणे. कॅमेरा एका दाण्यावर.

हा दाणा अख्खा दिसतो. बोटांत धरला तर तुटत नाही, वजनातही काही कमी नाही. पण खालून उजेड आला की दाण्याच्या मधोमध, आडवी, केसाएवढी एक रेघ दिसते. हा तडा आहे. दाणा अजून कुठल्याही यंत्रात गेलेला नाही. तूस आम्ही हाताने, एकेका दाण्याचे, नखाने सोलून काढले आहे.

भात गिरणीतून कणी जास्त निघाली की पहिला ठपका गिरणीवर येतो. रबर रोल घट्ट होते, पॉलिश जास्त मारले, कारागीर नवा होता, असे सांगितले जाते. कधी ते खरेही असते. पण हा दाणा गिरणीचे तोंड बघण्याआधीच तुटलेला आहे, फक्त त्याचे दोन तुकडे अजून एकमेकांना धरून आहेत.

दृश्य : मुंबईतली प्रयोगशाळा. ओट्यावर दोन पिशव्या, ‘अ’ आणि ‘ब’.

दोन्ही पिशव्यांत कर्जतच्या एकाच शेतातले, एकाच वाणाचे भात आहे. कापणी एकाच दिवशी झाली, तेव्हा दाण्यातला ओलावा २१ टक्के होता. ‘अ’ पिशवीतले भात ताडपत्रीवर तीन-चार सेंटिमीटरच्या थरात पसरले, अर्ध्या अर्ध्या तासाने हलवले आणि ऊन उतरायच्या आत गोळा करून झाकले. ‘ब’ पिशवीतले खळ्यावरच उघडे राहिले. दुसऱ्या दिवशीच्या उन्हात ते ११ टक्क्यांपर्यंत सुकले, रात्री त्यावर दव पडले, सकाळी पुन्हा ऊन लागले.

आता ओलावामापक बघा. ‘अ’ १३ टक्के. ‘ब’ सुद्धा १३ टक्के.

दोन्ही आकडे बरोबर आहेत, आणि भरडाईला १२ ते १४ टक्के ओलावा योग्यच मानतात. पण ओलावामापक दाण्यात आत्ता किती पाणी आहे एवढेच सांगतो. ते पाणी कसे गेले आणि कसे परत आले, हे त्याला कळत नाही.

दृश्य : हाताने सोललेले शंभर-शंभर दाणे दिव्याच्या काचेवर. चिमट्याने मोजणी.

म्हणून यंत्र सुरू करण्याआधी ही मोजणी करायची. प्रत्येक पिशवीतून सरमिसळ करून शंभर दाणे घ्या, हाताने सोला, उजेडावर ठेवा आणि तडा असलेले वेगळे करा. काम किचकट आहे, अर्धा-पाऊण तास सहज जातो. ‘अ’मध्ये सहा दाण्यांना तडा आहे. ‘ब’मध्ये एक्केचाळीस दाण्यांना.

दृश्य : रबर रोल हस्कर, बाजूचे झाकण काढलेले. दोन रोल उलट दिशांना फिरताना.

दोन्ही रोल एकमेकांच्या विरुद्ध दिशेने फिरतात, पण एकाच वेगाने नाही. एक रोल दुसऱ्यापेक्षा साधारण पंचवीस टक्के वेगवान असतो. या फरकामुळे दाण्याची एक बाजू पुढे ओढली जाते, दुसरी मागे राहते आणि तूस फाटून सुटते. दोन रोलांमधली फट दाण्याच्या जाडीपेक्षा थोडी कमी, अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. फट मोठी राहिली तर न सोललेले भात परत परत फिरवावे लागते आणि दर फेरीला थोडे दाणे मोडतात. फट फार लहान झाली तर पहिल्याच फेरीत मोडतात, वर रबरही लवकर झिजते. एका फेरीत शंभरातले पंचाऐंशी-नव्वद दाणे सोलले जात असतील तर मांडणी ठीक समजावी. शंभर टक्क्यांच्या हट्टापायी फट आवळू नये.

‘अ’ आणि ‘ब’साठी फट एकच ठेवली आहे आणि वेगही एकच. हस्करमधून बाहेर आलेल्या दाण्यांत ‘अ’चे शंभरी तीन तुटलेले आहेत, ‘ब’चे चौदा.

दृश्य : पॉलिशर. जाळीखाली पडणारा कोंडा, जवळून.

उरलेले तडे इथे उघडे पडतात. पॉलिशरमध्ये दाणा खरखरीत चाकावर आणि शेजारच्या दाण्यांवर घासला जातो आणि ब्राऊन राइसच्या वजनाचा आठ ते दहा टक्के भाग कोंडा म्हणून निघतो. कोंडा निघायला दाब लागतो, घासल्याने उष्णता येते, आणि तडा गेलेला दाणा यात टिकत नाही. पॉलिशची वेळही दोन्ही नमुन्यांना सारखीच द्यायची, सेकंद मोजून. नाहीतर जास्त पांढरा केलेला नमुना कमी उताऱ्याचा दिसतो आणि दोष भाताच्या माथी बसतो.

दृश्य : तराजू. चार वाट्या : तूस, कोंडा, अख्खा तांदूळ, कणी.

१०० ग्रॅम भाताचा हिशेब. ‘अ’ : २१ ग्रॅम तूस, ७९ ग्रॅम ब्राऊन राइस. त्यातून ७० ग्रॅम पांढरा तांदूळ, बाकी कोंडा आणि थोडी धूळ. ७० पैकी ५८ ग्रॅम अख्खा, १२ ग्रॅम कणी. अख्खा म्हणजे ज्याची लांबी पूर्ण दाण्याच्या तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त आहे तो.

‘ब’ : तूस तेवढेच. पांढरा तांदूळ ६९ ग्रॅम. अख्खा फक्त ३८, कणी ३१.

एकूण उतारा जवळजवळ सारखाच आहे, हे नीट बघा. सरकारी भरडाईत १०० किलो भातामागे ६७ किलो साधा तांदूळ धरतात. नुसत्या एकूण वजनावर बघितले तर दोन्ही पिशव्या पास होतात. एका ग्रॅमचा जो फरक पडला तो बारीक चुऱ्याचा. तो जाळीतून कोंड्याबरोबर खाली गेला. खरा फरक अख्ख्या दाण्यात आहे, वीस ग्रॅमचा. भाव ठरतो तो त्याच्यावर.

दृश्य : पाण्याची उथळ काचेची बशी, खाली दिवा. सुकलेला, सोललेला, तडा नसलेला दाणा पाण्यात सोडला जातो. चित्रण वेगवान केलेले.

‘ब’ला नेमके काय झाले ते इथे डोळ्यांनी दिसते. हा दाणा १२ टक्के ओलाव्याचा आहे आणि त्याला एकही तडा नाही. पाण्यात पडल्यावर बाहेरचा थर पाणी पितो आणि फुगू लागतो. गाभा अजून कोरडाच आहे, तो फुगत नाही. फुगलेला बाहेरचा भाग कोरड्या गाभ्याला लांबीच्या दिशेने ताणतो. आत उभे धागे नाहीत, नुसते स्टार्च दाबून बसलेले आहे. ते ताण सहन करत नाही.

आता बघा, मध्यावर पहिली रेघ. आडवीच. मग तिच्या बाजूला दुसरी.

खळ्यावरचे दव हेच काम हळूहळू करते. २१ टक्क्यांच्या भातावर दव पडले तर फारसे बिघडत नाही, दाणा अजून मऊ आहे. ओलावा १४-१५ टक्क्यांच्या खाली गेला, दाणा कडक झाला, आणि मग पाणी लागले की तडा जातो. म्हणून वाळवण संपत आले असताना जास्त जपायचे असते, आणि नेमके तेव्हाच भात वाळले असे समजून ते उघडे टाकले जाते. सुकलेले भात ओल्या भातात मिसळले तरी हेच होते. ओल्याचे पाणी कोरडा दाणा ओढून घेतो.

दृश्य : यांत्रिक वाळवणी. गरम हवेचा झोत, नंतर बंद कोठी.

फार वेगाने वाळवल्यानेही तडा जातो, तिथे ताण उलटा असतो. बाहेरचा थर आक्रसतो, गाभा ओला राहतो. म्हणून एका फेरीत दोन-तीन टक्केच ओलावा काढायचा आणि मग भात चार-सहा तास कोठीत विसावू द्यायचे, म्हणजे आतले पाणी बाहेरपर्यंत सारखे होते. यात फसगत अशी की तडा लगेच दिसत नाही. वाळवणी थांबल्यावर काही तासांनी, कधी दोन दिवसांनी तो उमटतो. वाळवणीतून काढलेला नमुना तिथल्या तिथे तपासून ‘छान आहे’ असा शेरा लिहू नका. एक-दोन दिवस बंद डब्यात ठेवून पुन्हा बघा.

दृश्य : गव्हाची प्रयोगशाळा-गिरणी. गव्हावर पाणी शिंपडणारा हात.

गव्हात आपण हेच जाणूनबुजून करतो. मैद्यासाठी गहू दळण्याआधी त्याला पाणी देतात. १० किलो गहू ११ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर न्यायचा तर १० गुणिले ५ भागिले ८४, म्हणजे सुमारे ५९५ मिलिलिटर पाणी. कडक गहू मग अठरा ते चोवीस तास झाकून ठेवायचा. साल चिवट होते, मोठ्या पापुद्र्यांत सुटते आणि तिचा भुगा मैद्यात मिसळत नाही. आतल्या गाभ्यात पाणी शिरताना बारीक तडे जातात आणि तो भुसभुशीत होतो. इथे ते तडे हवेच असतात, कारण गव्हाचे पीठच करायचे आहे. गव्हात गाभा ८० टक्क्यांहून थोडा जास्त असला तरी पांढरा मैदा ७०-७५ टक्क्यांच्या आसपासच मिळतो. दाण्याच्या पोटातल्या खोल घळीत दडलेली साल रोलांना पूर्ण खरवडता येत नाही.

दृश्य : कोकणातला उकडा तांदूळ, वाफेचे भांडे.

तडा गेलेल्या भाताला एक उपाय आहे, तो म्हणजे उकडा करणे. गरम पाण्यात भिजवून वाफ दिली की स्टार्च फुगून एकजीव होते, जुना तडा बुजतो आणि दाणा कडक होतो. वाळवताना पुन्हा घाई केली नाही तर कणी फार थोडी पडते.

दृश्य : पुन्हा प्रयोगशाळा. खिडकीबाहेर जुलैचा पाऊस. ओट्यावर उघडी राहिलेली पिशवी.

शेवटी आपल्या ओट्याकडे या. ७५ टक्के आर्द्रतेच्या हवेत भात साधारण १४ टक्के ओलाव्यावर स्थिरावते. पावसाळ्यात मुंबईची हवा त्याहून दमट असते. ११ टक्क्यांचा नमुना रात्रभर असा उघडा राहिला तर सकाळी त्यात जे तडे दिसतील ते शेतातले नसतील, तुमच्या प्रयोगशाळेतले असतील. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळाला तर तुसाचे आणि कोंड्याचे पांघरूणही उरलेले नाही, त्याला तडा आणखी लवकर जातो.

नमुना आल्या आल्या हवाबंद डब्यात भरा. ओलावा नोंदवा. शंभर दाणे हाताने सोला, तडे मोजा आणि तो आकडा वहीत पहिल्या रकान्यात लिहा. हस्करनंतरचे तुटलेले दाणे दुसऱ्या रकान्यात, पॉलिशनंतरचे तिसऱ्या. पहिल्या रकान्यात सहा आणि दुसऱ्यात वीस आले तर पाना घ्या आणि रोलांची फट बघा. पहिल्याच रकान्यात एक्केचाळीस असतील तर रोलांना हात लावू नका. फोन शेतकऱ्याला करा आणि विचारा, भात रात्री कुठे होते.