बीपीच्या रजिस्टरमधला शेवटचा रकाना

(वाळूज एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रेस शॉपच्या सुपरवायझरांनी शिफ्ट सुरू होण्याआधी कामगारांशी केलेलं बोलणं, थोडं संपादित करून.)

मंडळी, पाचच मिनिटं घेतो. मशीन सुरू व्हायच्या आत सोडतो.

दर महिन्याला बीपी तपासायचं ठरलंय, हे तुमच्या कानावर आलंच असेल. त्यावर चहाच्या टपरीवर काय बोलणं चाललंय, तेही माझ्या कानावर आलंय. "बीपी निघालं की अनफिट म्हणून काढतील." तर आधी तेच सांगतो. रजिस्टर सिस्टरच्या कपाटात, कुलपात राहणार. आकडा एचआरकडं जाणार नाही, माझ्याकडंही नाही. कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांनाही हेच लागू. तपासणी ड्युटीच्या वेळेत होईल, तेवढा वेळ लाइन मी सांभाळतो.

आता तपासायचं कसं, ते ऐका, कारण निम्मा घोळ तिथंच होतो. मागं एकदा तपासणी झाली तेव्हा आपले एक मामा जिना चढून तसेच येऊन बसले. गालात तंबाखू, बाही वर न सारता शर्टावरूनच पट्टा, आणि वर सिस्टरशी गप्पा. आकडा आला 158/96. मामांचा चेहराच उतरला. सिस्टरनं त्यांना तोंड धुवायला लावलं, लघवीला जाऊन यायला सांगितलं आणि अर्ध्या तासानं परत बोलावलं. मग पाच मिनिटं गप्प बसवलं. पाठ खुर्चीला टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजलं, तेव्हा आलं 134/84 आणि 132/82. माणूस तोच, दंडही तोच. तंबाखू, चहा, विडी, धावपळ, तुंबलेली लघवी, सगळ्यानं आकडा वर जातो. दंड जाड असेल आणि पट्टा लहान पडत असेल तरी जातो. तेव्हा पट्टा लहान वाटला तर सिस्टरला सांगा, लाजू नका.

नीट बसून मोजूनही वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 आला, त्याहून जास्त आला, तर? तरी त्या दिवशी कुणी तुम्हाला बीपीचा पेशंट म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी परत मोजायचं. तेव्हाही तसाच आला तर चिठ्ठी घेऊन डॉक्टरकडं. ईएसआयचं कार्ड असेल तर ईएसआयचा दवाखाना, नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र. अपवाद एकच. आकडा 180 किंवा 120 च्या वर असेल आणि सोबत छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तोंड वाकडं झालं असेल, हातापायातली ताकद गेली असेल किंवा बोलणं अडखळत असेल, तर वाट बघायची नाही, तडक दवाखान्यात.

कुणी म्हणतं, "मला तर काहीच होत नाही, डोकंही दुखत नाही." अहो, हायड्रॉलिक प्रेसमध्ये प्रेशर वाढलं तर मशीन ओरडतं का? गेज बघावा लागतो. नाहीतर सील फाटल्यावरच कळतं.

पण मला खरी काळजी आहे ती गोळी सुरू झाल्यानंतरची. दुसऱ्या एका दादाचं सांगतो, त्यांनीच सांगायला परवानगी दिली. दोन वेगवेगळ्या दिवशी 150 च्या वर आलं, डॉक्टरनं ॲम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम सुरू केली. पुढच्या महिन्यात 128/80. दादा म्हणाले, झालं बरं, आणि पाकीट संपल्यावर आणलंच नाही. त्याच्या पुढच्या तपासणीत 162/98. अहो, तो 128 गोळीमुळं होता! गोळी थांबली की प्रेशर परत चढतं. महिन्याला मोजायचं ते यासाठीच. गोळी लागू पडतेय का, डोस कमी पडतोय का, की खिशातच राहतेय, हे त्या आकड्यावरून कळतं. या गोळीनं काहींच्या घोट्याला सूज येते. आली तर डॉक्टरला सांगा, ते गोळी बदलून देतात. आपल्या मनानं बंद करू नका, शेजाऱ्याची घेऊ नका.

कंबर धरली की मेडिकलवरून दुखण्याची गोळी आणायची सवय बऱ्याच जणांना आहे. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या रोज खाल्ल्या तर बीपी वाढतं, किडनीवरही ताण येतो. सिस्टरला तेही सांगा. आणि डब्यातलं लोणचं, पापड, वरून मीठ... आता हसताय, पण डबे मी रोज बघतो.

रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना आहे, "पुढं काय केलं". सिस्टर तो तुम्हाला विचारून भरेल. दवाखान्यात गेलो नाही, सुट्टी मिळाली नाही, असं असेल तर तसंच सांगा. चिठ्ठी असलेल्याला अर्धा दिवस सोडायचं माझं मी बघतो.

पहिल्या शिफ्टची तपासणी गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीआधी. रात्रपाळीवाल्यांनी पाळीच्या सुरुवातीला यायचं, जागरणानंतर सकाळी नाही. तंबाखू अर्धा तास आधी थुंकायची, आणि गोळी चालू असेल तर पाकीट सोबत आणायचं. चला, लाइनवर.